वीस मिनिटं आणि नानांचा फोन

धनेश येळवंडेच्या उजव्या हाताच्या नखांत निळा रंग कायमचा बसलेला. लग्नाच्या फोटोत नवरदेवाच्या हातात नारळ आहे आणि नखं निळी आहेत. रुपालीच्या मावशीनं तेव्हा विचारलं होतं म्हणे, पोराला काही दुखणं तर न्हाई ना. दुखणं नव्हतं, धंदा होता. धनेश चाकणला एका कंपनीच्या टूलरूममध्ये फिटर. गाडीच्या दरवाजाची प्लॅस्टिकची मुठी-झाकणं ज्या लोखंडी साच्यात तयार होतात, तो साचा म्हणजे मोल्ड. त्याचे दोन अर्धे एकमेकांवर तंतोतंत बसले पाहिजेत. एका अर्ध्याला निळा रंग चोपडायचा, दुसरा त्यावर दाबायचा, उचलायचा आणि रंग कुठं लागला, कुठं न्हाई ते बघायचं. जिथं लागला तिथं घासायचं. पुन्हा रंग, पुन्हा दाब, पुन्हा घास. नऊ वर्षं हेच काम. माणूस बोलायला कमी, पण लोखंडाला कुठं टोचतंय ते त्याला बोटानं कळायचं.

राहायला निघोज्याला. आज्याच्या टायमाला वावर एमआयडीसीत गेलं आणि घर राहिलं. घरात आईवडील, रुपाली आणि शेजारच्या दारात चुलते, कोंडाजी नाना. नाना दोन वेळा उपसरपंच झालेले. आता पद न्हाई, पण फोन हाय. गावातल्या चौदा पोरांना नानांनी फोन करून कंपन्यांत चिकटवलेलं. फोनवर वाक्य ठरलेलं: "आमची जमीन गेलीय तुमच्या गेटाखाली, आमच्या पोराचं तेवढं बघा." चौदातला अकरावा धनेश. म्हणजे निळी नखं नानांच्याच कृपेची. हे धनेश विसरला न्हवता आणि नाना विसरू देतही न्हवते.

तर गोष्ट अशी झाली की महिन्याच्या तीन तारखेला मॅनेजरनं धनेशला केबिनमध्ये बोलावलं. म्हणाले, "लाइनवर सुपरवायझरची जागा आहे. तुझं नाव दिलंय. वीस तारखेपर्यंत फॉर्म भरून दे. नको असेल तर तसं सांग, मग टूलरूममध्येच राहशील. तू मागे डिझाईन शिकायचं म्हणत होतास, ते आपल्याकडं शिकता येईल, संध्याकाळचा कोर्स करून. पण पहिली दोन वर्षं पगाराची ग्रेड वाढणार नाही, हे आधीच सांगतो."

धनेश बाहेर आला आणि बेंचवर येऊन उगाच एक कानस उचलून परत ठेवली.

सुपरवायझर म्हणजे काय, हे गावात कुणालाही विचारा, सांगेल. शर्टाचा रंग बदलतो, लोक साहेब म्हणतात. पण बेंचवरचा माणूस डिझाईनला गेला की त्याचं काय होतं, हे सांगणारं निघोज्यात कुणीच न्हवतं. कंपनीतले डिझाईनवाले सगळे इंजिनिअर, कॉलेजातून थेट कॉम्प्युटरसमोर बसलेले. त्यांना विचारलं तर म्हणायचे, "कर की भावा, सोपंय." सोपं असतं तर मॅनेजर दोन वर्षांचं कशाला बोलला असता?

धनेशला एकच माणूस आठवला. माणूस म्हणजे बाई. गेल्या साली चिंचवडला मशिनींचं प्रदर्शन होतं, तिथं भोसरीच्या एका टूलरूम कंपनीच्या डिझाईन हेड बोलल्या होत्या. आम्रपाली सरवदे. मूळच्या लातूरकडच्या, पन्नाशीच्या, केस कानावर पांढरे. बोलता बोलता म्हणाल्या, "मी कानस घेऊनच सुरुवात केली. सहा वर्षं बेंचवर होते." धनेश मागच्या खुर्चीवरून ताठ झाला होता. नंतर स्टॉलवरून त्यांचं कार्ड घेऊन आला आणि घरी फ्रिजवर चुंबकाखाली लावलं. सव्वा वर्ष ते कार्ड दुधाच्या हिशेबाच्या कागदाशेजारी राहिलं.

आता त्यानं ते काढलं आणि मेसेज लिहायला बसला. लिहिलं, "मॅडम, तुम्हाला भेटायचं होतं." खोडलं. लिहिलं, "मॅडम, मार्गदर्शन पाहिजे होतं." तेही खोडलं. दोन दिवस हेच.

रुपाली आकुर्डीला एका कंपनीच्या रिसेप्शनवर बसायची. माहेर रहाटणीचं, तोंड फटकळ, पण डोकं टेबलावरच्या रजिस्टरसारखं, सगळ्या नोंदी असलेलं. ती म्हणाली, "आवो, दोन दिवस झालं अंगठा झिजवताय. काय लिहायचंय ते तोंडानं सांगा."

"नुस्तं भेटायचं म्हणून लिहितो."

"नुस्तं भेटायला रोज बाराजण येत्यात माझ्याकडं. 'साहेबांना सहज भेटायचंय.' आमचे साहेब सहज म्हणणाऱ्याला आत घेतच न्हाईत. म्हणत्यात, सहजवाला दीड तास बसतो आणि उठताना खिशातनं बायोडाटा काढतो."

"मग काय लिहू?"

"काय पाहिजे ते. कोण, का, किती वेळ. तुम्ही मोल्डला रंग लावता ना, तसं. कुठं टेकतंय ते दिसलं पाहिजे."

धनेश म्हणाला, उद्या लिहितो. आणि कार्ड टीव्हीवर ठेवून ड्यूटीवर गेला. ती चूक.

रविवारी सकाळी नाना चहाला आले. टीव्हीवरचं कार्ड बघितलं, उलटंपालटं केलं. धनेशची आई भोळेपणानं म्हणाली, "धन्याला त्या बाईंना भेटायचंय, दोन दिस झालं तळमळतोय." एवढं नानांना पुरे होतं. नानांच्या कपाटात एक फाईल आहे, तीत गावातल्या सगळ्या पोरांचे बायोडाटे. त्यांनी धनेशचा काढला, फोटो मारला आणि कार्डावरच्या नंबरावर पाठवला. वर फोन केला. भोसरीला सुट्टी गुरुवारची, रविवारी कंपनी चालू. बाईंनी उचलला.

"आमी निघोज्यातनं कोंडाजी येळवंडे बोलतोय, माजी उपसरपंच. आमचा पुतण्या हाय, लई गुणी हाय. तुमच्याकडं त्याचं तेवढं बघा."

धनेश संध्याकाळी घरी आला तेव्हा नाना ओट्यावर पाय सोडून बसले होते. म्हणाले, "धन्या, तुझं काम केलंय म्या. बाई चांगल्या हायेत. लगीच म्हनल्या, बघते."

धनेश उंबऱ्यातच बसला.

"नाना, मला नोकरी नको होती."

"मग कार्ड कशाला घिऊन फिरतोस सव्वा वरीस?"

"मला नुस्तं विचारायचं होतं."

नानांना हे खरंच कळलं न्हाई, त्यात त्यांचा दोष न्हवता. त्यांच्या तीस वर्षांच्या फोनमध्ये कंपनीतल्या मोठ्या माणसाला कुणी नुस्तं काही विचारलंय असं एकदाही घडलं न्हवतं. मोठ्या माणसाकडं एक तर पोरगं चिकटवायला जायचं, नाही तर भंगाराचा ठेका मागायला. ते म्हणाले, "इचारायला नोकरीवाल्याला इचारत न्हाईत, नोकरीवाल्याकडं मागत्यात." आणि उठून गेले. रागावले न्हवते, गोंधळले होते.

सोमवारी दुपारी जेवणाच्या सुट्टीत मेसेज आला. बायोडाट्यावर नंबर धनेशचा होता. "नमस्कार. सध्या आमच्याकडे जागा नाही. बायोडाटा एचआरकडे दिला आहे. शुभेच्छा. — आम्रपाली सरवदे."

सभ्य मेसेज. दार लावताना कुणी आवाज होऊ नये म्हणून हळू लावतं, तसा. धनेशनं तो चारदा वाचला. वीस तारखेला चौदा दिवस होते. ज्या एका माणसाला विचारायचं होतं, त्याच्या लेखी धनेश आता चौदा पोरांपैकी अकरावा झाला होता.

घरी आल्यावर म्हणाला, "जाऊ दे. फॉर्म भरून टाकतो."

रुपाली भाकरी थापत होती. हात न थांबवता म्हणाली, "तुमच्या मोल्डला पहिल्या दाबात रंग सगळीकडं लागतो का?"

"न्हाई."

"मग मोल्ड फेकून देता?"

जेवल्यावर दोघं टेबलाशी बसले. टेबल म्हणजे शिलाई मशीन, वर कापड टाकलेलं. धनेश बोलत गेला, रुपाली काटत गेली. त्यानं "आपल्यासारख्या थोर व्यक्तीचं मार्गदर्शन" लिहिलं, ते तिनं काटलं. त्यानं "मला नोकरीची अजिबात गरज नाही" लिहिलं. रुपाली म्हणाली, "चार वेळा नको नको म्हनलं की समोरच्याला वाटतं, पाहिजेच हाय. एकदा सांगा, पुढं चला." नानांचं काय करायचं, यावर मात्र दोघं अडली. धनेश म्हणाला, नानांवर ढकलणार न्हाई. म्हातारा माणूस, अन्नाला लावलंय त्यांनी. रुपाली म्हणाली, खोटंही लिहायचं न्हाई. शेवटी बुधवारी पहिल्या शिफ्टला निघण्याआधी त्यानं मेसेज सोडला:

"नमस्कार मॅडम. मी धनेश येळवंडे, चाकणला टूलरूममध्ये नऊ वर्षं फिटर आहे. रविवारी माझ्या चुलत्यांनी तुम्हाला फोन केला आणि बायोडाटा पाठवला. त्यांनी मायेपोटी केलं, पण त्यांना नीट सांगायचं माझं राहिलं, म्हणून माफी मी मागतो. तो बायोडाटा बाजूला ठेवावा. मला वेगळं विचारायचं होतं. माझ्याच कंपनीत मला वीस तारखेपर्यंत ठरवायचं आहे, लाइनवर सुपरवायझर व्हायचं की टूलरूममध्ये राहून डिझाईन शिकायचं. चिंचवडच्या प्रदर्शनात तुम्ही म्हणालात, तुम्ही सहा वर्षं बेंचवर काढून डिझाईनला गेलात. बेंच सोडल्यावरची पहिली दोन वर्षं कशी गेली, हे तुमच्याकडून ऐकायचं आहे. वीस मिनिटं पुरतील. फोनवर, किंवा तुम्ही म्हणाल तिथं येतो. माझी पहिली शिफ्ट आहे, साडेतीननंतर कधीही. जमणार नसेल तरी काही हरकत नाही."

मेसेजवर दोन निळ्या खुणा दुपारीच आल्या. उत्तर न्हाई. धनेशनं त्या दिवशी फोन इतक्या वेळा काढला की शेजारच्या बेंचवरचा गडी म्हणाला, "राव, घरी काय बाळंतपण हाय का?"

दुसऱ्या दिवशी गुरुवार, भोसरीची सुट्टी. संध्याकाळी पाचला मेसेज आला: "शनिवारी पाच वाजता. आमचं कँटीन. बरोबर वीस मिनिटं. चुलते नकोत."

रुपाली हसून हसून खाली बसली.

शनिवारी नानांनी पुन्हा एकदा माया केली. इंद्रायणी तांदळाचं दहा किलोचं पोतं घेऊन ते दारात हजर. "रिकाम्या हातानं जाऊ नगंस."

धनेशनं पोतं उचलून ओट्यावर परत ठेवलं. आवाज न चढवता म्हणाला, "नाना, आज न्हाई. आज हे नेलं तर बाई म्हनतील, चुलत्यांचा फोन चालत आला. त्यांनी वीस मिनिटं दिलीत, मला तेवढीच घेऊ द्या."

नाना म्हणाले, "तुमच्या नव्या रीती काय कळत न्हाईत बाबा." पण पोतं घरात नेलं.

नाशिक रोडची ट्रॅफिक सांगून उपयोग न्हाई. मोशीच्या पुढं गाड्या उभ्याच होत्या, तरी धनेश पावणेपाचला भोसरीच्या गेटावर पोचला. गेटावर रजिस्टर. नाव, गाव, कुणाला भेटायचं, आणि शेवटचा रकाना: कामाचं कारण. वरच्या ओळींत सगळीकडं एकच, मुलाखत, मुलाखत, मुलाखत, मध्येच कुठंतरी माल. वॉचमननं त्याच्याकडं वरपासून खालपर्यंत बघितलं. इस्त्रीचा शर्ट, शनिवार, संध्याकाळ.

"मुलाखतवाले तिकडं बसा."

तिकडं पाच पोरं प्लॅस्टिकच्या फायली मांडीवर घेऊन बसली होती.

"मुलाखत न्हाई भाऊ. मॅडमना भेटायचंय."

"सगळे तसंच म्हणतात."

धनेशनं रकान्यात पेन ठेवला आणि थांबला. मग लिहिलं, "माहिती घेणे, २० मिनिटं." वॉचमननं वाचलं, फोन केला आणि जरा नवलानंच आत सोडलं.

आम्रपाली मॅडम कँटीनच्या कोपऱ्यातल्या टेबलाशी बसल्या होत्या. समोर चहा. त्याला बघून म्हणाल्या, "बसा. क्रिकेट आणि पोवाडे ऐकणे, ना?"

धनेशला काही कळेना.

"तुमच्या बायोडाट्यातले छंद. चुलत्यांनी फार जुना पाठवलाय."

धनेश कानापर्यंत लाल झाला, पण त्यामुळं बसायचं सोपं झालं. त्याचा हात सवयीनं खिशात गेला. फोनमध्ये त्यानं केलेल्या मोल्डचे फोटो होते, सगळ्यात अवघड असा मुठीचा, चार महिने खाल्लेला. दाखवावासा वाटला. मग लक्षात आलं, फोटो काढला की बोलणं त्याच्या गुणांवर जाईल, आणि तिथून नोकरी एका पावलावर. त्यानं खिशातनं फोनच्या जागी चिठ्ठी काढली. चिठ्ठीत तीन प्रश्न होते. घड्याळ काढून टेबलावर ठेवलं.

मॅडमनं घड्याळाकडं बघितलं.

"मॅडम, बेंच सोडल्यावर पहिलं काय अवघड गेलं? सॉफ्टवेअर?"

"सॉफ्टवेअर सहा महिन्यांत बोटात बसतं. ते नाही." त्यांनी कप बाजूला सारला. "बेंचवर लोखंड समोर असतं. चुकलं तर तिथल्या तिथं दिसतं, घासून टाकता येतं. स्क्रीनवर काहीच नसतं. तू आज माप टाकतोस, तीन महिन्यांनी मोल्ड बनतो आणि तेव्हा तुझी चूक सगळ्यांसमोर उघडी पडते. माझी पहिली चूक सांगते. एका मोल्डला बाजूनं सरकणारा तुकडा होता, स्लायडर. तो खोलायचे स्क्रू मी अशा जागी टाकले की अ‍ॅलन की आत जाते, पण फिरत नाही. भिंत आडवी येते. मी सहा वर्षं फिटर होते, तरी विसरले. आमचा फिटर वर आला, ती अ‍ॅलन की माझ्या कीबोर्डवर ठेवली आणि गेला."

धनेश हसला. तो फिटर त्याला ओळखीचा वाटला.

"दुसरं अवघड?"

"दुसरं माणसांचं. तेवीस वर्षांची इंजिनिअर पोरं माझ्यापेक्षा सीनियर. मला फिटरबाई म्हणायची. खालचे बेंचवाले म्हणायचे, ही आता वरची झाली. दोन वर्षं कुठल्याच टेबलाशी बसून डबा खाता आला नाही मला नीट. घरी बोललास का याबद्दल?"

"बायको आहे पाठीशी."

"पाठीशी म्हणजे? दोन वर्षं ग्रेड वाढणार नाही हे माहीत आहे तिला?"

"तुम्हाला पाठवलेला मेसेज तिनंच लिहून घेतला."

मॅडम पहिल्यांदा मोकळं हसल्या. "मग तिला माझा नमस्कार सांग. असा मेसेज मला वर्षात एखादाच येतो. बाकीचे येतात, तासभर गोल गोल फिरतात, आणि मला आधीपासून माहीत असतं की शेवटी काय निघणार आहे. मग मीही गोल गोल उत्तरं देते."

धनेशनं तिसरा प्रश्न चिठ्ठीतनं वाचला. "सुपरवायझर व्हावं असं तुम्हाला कधी वाटलं का?"

"मला तसं कुणी विचारलं नाही रे तेव्हा." त्यांनी कप पुन्हा पुढं ओढला. "मी तुला सांगणार नाही काय कर. पण एक बघ. सुट्टीच्या दिवशी लाइन बंद पडली तर फोन तुला येईल. मोल्ड अडकला तरी फोन तुलाच येईल. आत्ता, जेवताना, यातला कुठला फोन उचलावासा वाटतो?"

धनेशच्या अंगठ्यानं आपोआप टेबलाची कड चाचपली, कुठं खडबडीत आहे का बघायला. मॅडमनं ते पाहिलं.

घड्याळात अठरा मिनिटं झाली होती. बोलणं रंगात होतं. मॅडमनं दुसरा चहाही सांगितला असता. धनेशनं चिठ्ठी घडी केली. "मॅडम, वेळ होत आली. एकच विचारतो शेवटचं. मी आणखी कुणाशी बोलावं?"

"मी जमवलं म्हणून माझं ऐकून तुझं अर्धंच होईल. कासारवाडीला ज्ञानदेव म्हणून आहेत, माझ्याबरोबरच बेंचवर होते. डिझाईनला गेले, दीड वर्षानं परत खाली आले, आता एका लाइनचे प्रमुख आहेत. ते का परतले हे त्यांच्याकडूनच ऐक. मी त्यांना सांगते, तुझा मेसेज येईल म्हणून. मला लिहिलास तसाच लिही."

धनेश उठला. एकोणीस मिनिटं झाली होती. "तुमचा वेळ दिलात, मॅडम. लई मोठं काम झालं माझं." आणि दारापर्यंत जाऊन पुन्हा काही विचारायला वळला न्हाई. वॉचमननं रजिस्टरात बाहेर पडायची वेळ लिहिली आणि म्हणाला, "वीसच मिनिटांत? मग काय, नाही म्हणाल्या?"

"व्हय म्हनल्या," धनेश म्हणाला. वॉचमनला वाटलं, नोकरीला.

घरी गेल्या गेल्या, शर्ट बदलायच्या आधी त्यानं मेसेज लिहिला. "मॅडम, आज वेळ दिल्याबद्दल आभारी आहे. अ‍ॅलन कीची गोष्ट बायकोला सांगितली, तिनं तुम्हाला नमस्कार सांगितलाय. ज्ञानदेव सरांशी बोलून ठरवतो आणि काय ठरलं ते तुम्हाला कळवतो." एवढंच.

बुधवारी ज्ञानदेव कासारवाडी स्टेशनबाहेरच्या चहाच्या टपरीवर भेटले. जाडजूड, मोकळा माणूस. म्हणाले, "मला स्क्रीनसमोर बसवत न्हाई बाबा. चार माणसं आजूबाजूला ओरडत असली की मला बरं वाटतं. आम्रपालीला एकांत चालतो. तू कसला हायस?" हे त्यांनी इतक्या साधेपणानं विचारलं की धनेश पण साधंच म्हणाला, "मी एकांतातला."

"मग झालं की," ज्ञानदेव म्हणाले आणि दोन चहाचे पैसे त्यांनीच दिले.

वीस तारखेला धनेशनं सुपरवायझरचा फॉर्म कोराच मॅनेजरला परत दिला आणि डिझाईनच्या संध्याकाळच्या कोर्सचं नाव सांगितलं. त्याच दिवशी आम्रपाली मॅडमना दोन ओळी पाठवल्या: टूलरूममध्येच राहिलो, डिझाईन शिकतोय. त्यांचं उत्तर आलं, "बरं केलंस. डब्याचं टेबल शोध."

दिवसा वर डिझाईनवाल्यांत बसायचं, संध्याकाळी कोर्स. डब्याचं टेबल त्याला सापडायला आठ महिने गेले. इंजिनिअर पोरं त्याला वर्कशॉप म्हणायची, बेंचवाले साहेब म्हणायचे, दोन्हीत टोमणा. एक वेळ अशी आली की त्यानं रुपालीला विचारलं, फॉर्म भरला असता तर बरं झालं असतं का. रुपाली म्हणाली, "मॅडमनी सांगितलंच होतं की असं व्हईल. त्यांना दोन वर्षं लागली, तुमचे आत्ता कुठं सहा महिने झालेत." मग त्याचा स्वतःचा पहिला मोल्ड आला, छोटासा, एका झाकणाचा. त्यात एक स्लायडर होता. मोल्ड बेंचवर आला त्या दिवशी धनेश स्वतः खाली गेला, अ‍ॅलन की स्क्रूत घातली आणि फिरवली. पूर्ण फिरली. शेजारच्या बेंचवरचा तोच गडी म्हणाला, "राव, ह्यो तू काढलाय व्हय? आमचा इचार करून काढलेला दिसतोय." आणि डबा उघडून त्याच्याकडं सरकवला.

त्यानं कीचा फोटो काढला. त्या फोटोत स्क्रू दिसतो, अ‍ॅलन की दिसते, आणि धनेशचं एक निळं नख. मॅडमना पाठवला. बरोबर लिहिलं, "फिरते."

मॅडमचा फोन आला. मेसेज न्हाई, फोन. म्हणाल्या, "मला इतकी वर्षं लोक भेटून गेले. काय झालं ते परत सांगायला कुणी येत नाही." त्यांचा आवाज नेहमीसारखाच कोरडा होता, पण फोन त्यांनी लवकर ठेवला न्हाई.

धनेशनं हे ओट्यावर नानांना सांगितलं. नानांनी टोपी सारखी केली. मग म्हणाले, "तवा पोतं परत ओट्यावर ठिवलंस. आता नेऊ का?"

"आता न्या, नाना."

"तू येऊ नगंस. माझी चूक हुती, म्या जातो."

सुगी नुकतीच झालेली. नव्या इंद्रायणीचं पोतं घेऊन नाना रिक्षानं भोसरीला गेले. धोतर, टोपी, पायात नवीन चप्पल. गेटावर तोच वॉचमन. रजिस्टर पुढं केलं आणि म्हणाला, "बाबा, पोराच्या नोकरीसाठी आला असाल तर एचआर दुपारनंतर."

तीस वर्षं नानांनी असल्या रजिस्टरांत एकच गोष्ट लिहिली होती. त्यांनी चष्मा लावला, पेन घेतलं आणि शेवटच्या रकान्यात सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिलं: "काम न्हाई. तांदूळ."